प्रतिक्रियेला उत्तर: साइटवरची सळई आणि मार्चचा नफा

प्रतिक्रिया: "सर, लेख पुस्तकी आहे. आमच्याकडे रनिंग बिल निघालं की विक्री, माल आला की खर्च. वीस वर्षांत कुणाचं काही अडलं नाही. रिटेन्शनचंही तुम्ही नीट लिहिलेलं नाही. साइटवर पाय न ठेवता लिहिलेलं लगेच कळतं."

नमस्कार. लेखात माझं म्हणणं एवढंच होतं की ठेक्याचं उत्पन्न बिलावर नाही, झालेल्या कामाच्या टक्केवारीवर धरायचं. रिटेन्शनचं मान्य. प्रत्येक बिलातून कापलेले पाच टक्के मी साध्या येणे बाकीत मिसळले होते. त्याचं खातं वेगळं हवं होतं. दुरुस्त केलंय.

पण शेवटचं वाक्य लिहिण्याआधी तुम्ही थोडं थांबायला हवं होतं. किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्वसनाची घरं बांधणाऱ्या एका ठेकेदाराकडे माझे वडील मुकादम होते. सुट्टीच्या दिवशी मजुरांची हजेरी मी लिहायचो. पुढे लातुरात ठेकेदारांच्याच वह्या सांभाळत आलो. चूक काढा, हक्क आहे तुमचा. मी कुठे उभा राहिलो नि कुठे नाही, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

आता तुमच्या पद्धतीकडे येतो. तुमचं अडलं नाही ते का, हे मी सांगू शकतो, कारण तेच मी एका ठेकेदाराच्या वहीत पाहिलंय. आकडे सोपे करून देतो. ठेका जीएसटी सोडून 80 लाखांचा, अंदाजी खर्च 68 लाख, म्हणजे नफा 12 लाख. पहिल्या 31 मार्चपर्यंत 40.8 लाख खर्ची पडले होते. त्यातली 6.8 लाखांची सळई जालन्याहून आलेली आणि ताडपत्रीखाली तशीच पडलेली. प्लिंथ आणि पहिल्या स्लॅबच्या टप्प्यांचे हप्ते मालकाने जड ठेवले होते, त्यामुळे बिलं 46 लाखांची निघाली होती.

तुमच्या रीतीने 46 वजा 40.8, नफा 5.2 लाख. दिसायला ठीक. पण त्यात दोन चुका आहेत आणि त्या एकमेकींना झाकतात. बिल कामाच्या पुढे गेलंय, म्हणून उत्पन्न फुगलं. पडून असलेली सळई खर्चात गेली, म्हणून खर्चही फुगला. वीस वर्षं तुम्हाला वाचवलं ते याच योगायोगाने.

सळई उशिरा आली असती तर? 46 वजा 34, नफा 12 लाख. अख्ख्या ठेक्याचा नफा पहिल्याच वर्षी. पुढच्या वर्षी उरलेली बिलं 34 लाखांची आणि उरलेला खर्चही 34 लाखांचा. वर्षभर गिलावा, फरशी, रंग करायचा आणि वहीत नफा शून्य. त्या ठेकेदाराच्या दुसऱ्या एका कामावर नेमकं असंच झालं. नफा हाती आला समजून त्याने मिक्सर आणि टेम्पो घेतला. दिवाळीनंतर मिस्तऱ्यांची मजुरी द्यायला पैसे नव्हते. वही मीच लिहिलेली होती, म्हणून हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

बांधकाम ठेक्यांसाठीच्या एएस 7 या लेखा मानकात साइटवर आलेला पण कामात न लागलेला माल झालेल्या कामाच्या टक्केवारीतून वगळायला सांगितलंय, तो यासाठीच. (खास त्याच कामासाठी घडवलेला माल अपवाद.) सळई सोडून झालेला खर्च 34, त्याला अंदाजी 68 ने भागलं की झालेलं काम 50 टक्के. उत्पन्न 40 लाख, नफा 6 लाख, सळई साठ्यात. नोंद अशी: मालकाचं खातं नावे 46, ठेका उत्पन्न जमा 40, "कामापेक्षा जादा बिल" जमा 6. हे सहा लाख देणं आहे. ते काम अजून करून द्यायचंय. उलट बिल कामाच्या मागे राहिलं, तर तेवढं "बिल न काढलेलं उत्पन्न" म्हणून येण्यात दाखवायचं.

सळई चुकून टक्केवारीत धरली, तर काम 60 टक्के, उत्पन्न 48 लाख. सहा लाखांचं देणं गायब होऊन दोन लाखांचं येणं उभं राहतं. ओळखायचं कसं? 31 मार्चला साइटवर जाऊन ताडपत्री उचलायची, वजनाच्या पावत्या बघायच्या आणि टक्केवारी मोजमाप पुस्तिकेशी ताडायची. स्लॅब एकच पडलाय आणि टक्केवारी 60 म्हणते, तर कुठेतरी माल आत शिरलाय. दर मार्चला 68 लाखांचा अंदाजही नव्याने तपासायचा. सिमेंट-सळई महागली तर छेद वाढतो.

जीएसटी मात्र 46 लाखांच्या बिलांवरच भरायचा. विवरणपत्रातले 46 आणि वहीतले 40, यांच्यातल्या फरकाचा एक पानाचा तक्ता फाइलला लावून ठेवायचा. नोटीस आली की तो पुढे करता येतो.

बाकी "पुस्तकी" वगैरे शब्दांवर मी काही बोलत नाही. तुमच्या चालू कामांपैकी एकाचे मागच्या 31 मार्चचे तीन आकडे काढा: एकूण बिलं, एकूण खर्च, न लागलेला माल. ठेक्याची रक्कम आणि अंदाजी खर्च यांसकट इथेच लिहा. मी नोंद करून दाखवतो.