पॅनिंगसाठी १/३० आणि ‘जवळ जा’: या सल्ल्यात काय चुकतं

"पॅनिंग शिकायचंय? शटर १/३० ठेवा, मग गाडी असो की पळणारं पोट्टं. जितकं जवळ जाल तितकं मागचं जास्त ओढलं जाईल. स्टॅबिलायझेशन बंदच ठेवा. आणि नागपूरच्या दुपारी हा नाद सोडा, उन्हात पॅनिंग होत नाही."

पॅनिंग म्हणजे हलणाऱ्या विषयासोबत कॅमेरा फिरवत फोटो काढणं, म्हणजे विषय स्पष्ट येतो आणि मागचं ओढलं जातं. आधी जवळ जाण्याबद्दल, कारण सर्वाधिक फोटो इथेच बिघडतात. सिव्हिल लाइन्सच्या एखाद्या मोकळ्या रस्त्यावर ३६ किमी वेगाने एक स्कूटर जातेय असं धरा. ती सेकंदाला १० मीटर जाते, म्हणजे १/३० सेकंदात साधारण ३३ सेंटिमीटर. स्कूटरची लांबी पावणेदोन-दोन मीटर. म्हणजे मागची झाडं आणि भिंत स्कूटरच्या लांबीच्या साधारण एक पंचमांश ओढली जाणार. स्कूटर फ्रेममध्ये तेवढीच मोठी ठेवलीत, तर तीन मीटरवरून २४ एमएमने काढा की बारा मीटरवरून १०० एमएमने, हे प्रमाण बदलत नाही. जवळ जाऊन मागचा धूसरपणा वाढतच नाही.

बदलतं ते वेगळंच. तीन मीटरवर उभं राहिलात, की स्कूटरचा मधला भाग अगदी समोर असतो आणि हेडलाइट व मागचा दिवा तिरक्या कोनात. कॅमेऱ्याच्या नजरेतून या तिन्ही भागांचा वेग सारखा नसतो. चालकाच्या पायाशी वेग जुळवलात, तर त्याच १/३० मध्ये हेडलाइट सुमारे तीन सेंटिमीटर घसरतो. बारा मीटरवरून तीच घसरण जेमतेम दोन मिलिमीटर उरते. म्हणूनच जवळून काढलेल्या फोटोत हेल्मेट स्पष्ट दिसतं आणि पुढचं चाक लोण्यासारखं पसरतं. हात कच्चा आहे असं समजून लोक महिनोन्महिने सराव करत बसतात, पण दोष अंतराचा असतो. रस्त्याच्या पलीकडच्या फूटपाथवर जा, लांब लेन्स लावा.

१/३० सगळ्यांना का चालत नाही, तेही याच हिशेबात दिसतं. शटर उघडं असताना विषय स्वतःच्या आकाराच्या किती भाग पुढे सरकतो, एवढंच बघायचं. शहर बस साधारण अकरा मीटर लांब. तिच्यासाठी तेच ३३ सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. बस उभीच असल्यासारखी दिसेल. तिला १/८ लागतं.

पळणाऱ्या मुलाची गोष्ट मात्र उलटी आहे. रेशीमबाग मैदानावर पळणारं सात-आठ वर्षांचं मूल सेकंदाला साडेतीन मीटरच्या आसपास जातं. १/३० मध्ये ते सुमारे बारा सेंटिमीटर पुढे जातं, म्हणजे उंचीच्या दहाव्या भागाएवढं, आणि ते थोडं कमीच वाटतं. म्हणून १/१५ वर उतरावंसं वाटतं. पण गाडी सरळ जाते, मूल उसळत पळतं. प्रत्येक पावलाला डोकं काही सेंटिमीटर वर-खाली होतं आणि आडवं पॅनिंग कितीही सफाईने केलं, तरी ही उसळी पकडता येत नाही. १/१५ वर चेहरा हमखास जातो. १/३० ते १/४० धरा, बर्स्ट ठेवा, आणि मूल उसळीच्या टोकाला असतानाची फ्रेम निवडा. तिथे डोकं क्षणभर वर-खाली होत नाही. हातपाय धूसर येतील, येऊ द्या, पळणं त्यातूनच दिसतं.

फोटो का बिघडला हे ओळखायला मोठा करून एखादा चमकता ठिपका बघा: हेडलाइटची कड, डोळ्यातला उजेड. तो आडवा ताणला असेल तर तुमचा वेग जुळला नाही किंवा तुम्ही फार जवळ होतात. उभा ताणला असेल तर मुलाची उसळी किंवा तुमचा हात.

स्टॅबिलायझेशनबाबत थोडक्यात: ते सरसकट बंद करू नका. अनेक लेन्सवर मोड २ असतो. तो आडवी हालचाल मोकळी सोडून फक्त उभा थरथराट आवरतो, आणि पॅनिंगला नेमकं तेच हवं. काही लेन्स पॅनिंग स्वतःच ओळखतात. साधा एकच मोड असेल आणि फ्रेम अडखळत सरकत असेल, तर बंद करा.

आता दुपार. कडक उन्हात आयएसओ १०० वर f/16 ला १/१०० च्या आसपास शटर येतं, त्यामुळे f/22 वरही १/५० च्या खाली जाता येत नाही. तक्रार एवढ्यापुरती खरी आहे. शिवाय इतक्या बारीक अपर्चरवर सेन्सरची धूळ उठून दिसते. मागचं सगळं रेषांमध्ये विरघळलेलं आणि त्यावर धुळीचे काळे ठिपके जागच्या जागी. उजेड आठपट कमी करणारा एनडी ८ फिल्टर लावलात, की f/11 वर १/२५ मिळतं. फिल्टर नसेल तर सावली शोधा, मोकळ्या सावलीत जवळपास तेच सेटिंग येतं. फक्त सावली इमारतीची किंवा उड्डाणपुलाची घ्या. झाडाखाली पानांतून पडणारे कवडसे जागेवर असतात आणि गाडी त्यांच्यातून जाते, त्यामुळे ज्या गाडीला स्पष्ट ठेवायचं तिच्याच अंगावर पांढरे पट्टे उमटतात.