‘ब्राइटनेस तळाला न्या’ या सल्ल्याचा प्रतिवाद

फिरत असलेला संदेश असा: “रात्री मोबाइलचा ब्राइटनेस अगदी तळाला न्या, डोळ्यांना आराम मिळतो. स्क्रीन १२० हर्ट्झची असेल तर ती लुकलुकतच नाही, आणि जी लुकलुक दिसत नाही ती त्रास देऊच शकत नाही. तरीही काही वाटले तर नाइट लाइट लावा.”

पहिला सल्ला अंधारात चकाकी टाळण्यापुरता योग्य आहे. परंतु ज्यांत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो ते ओएलईडी पडदे बहुतेक वेळा मंद कसे होतात, याचा विचार त्यात नाही. या पडद्यांचा प्रकाश कमी करताना पिक्सेलमधला विद्युतप्रवाह घटवण्याऐवजी ते वेगाने चालू-बंद केले जातात आणि बंद राहण्याचा वेळ वाढवला जातो. हेच पल्स विड्थ मॉड्युलेशन, म्हणजे पीडब्ल्यूएम. अनेक फोनमध्ये हे सेकंदाला सुमारे २४० वेळा घडते. याचा अर्थ एक आवर्तन साधारण ४.२ मिलिसेकंदांचे असते, आणि प्रकाश निव्वळ याच पद्धतीने दहा टक्क्यांवर आणला तर त्यातील जवळपास ३.८ मिलिसेकंद पिक्सेल काळाच असतो. थोडक्यात, ब्राइटनेसची पट्टी जितकी खाली ओढाल तितकी ही उघडझाप तीव्र होते.

१२० हर्ट्झ हा आकडा चित्र सेकंदाला किती वेळा बदलते ते सांगतो. प्रकाशाची उघडझाप ही निराळी गोष्ट आहे. १२० हर्ट्झच्या पडद्यावरही ती २४० हर्ट्झने चालू राहू शकते. विक्रेते पहिला आकडा ठळक छापतात आणि दुसरा क्वचितच सांगतात, म्हणून हा गोंधळ होतो.

न दिसणाऱ्या लुकलुकीचा मुद्दा अधिक गंभीर आहे. स्थिर नजरेला साधारण ६० ते ९० हर्ट्झच्या पुढची उघडझाप जाणवत नाही, हे खरे. मात्र १९८९ मध्ये अर्नोल्ड विल्किन्स हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील कार्यालयात जुन्या पद्धतीच्या, १०० हर्ट्झने लुकलुकणाऱ्या ट्यूबलाइटची तुलना उच्च वारंवारतेच्या ट्यूबलाइटशी केली, तेव्हा दुसऱ्या प्रकाशात डोकेदुखी आणि डोळ्यांच्या ताणाचे प्रमाण सरासरी निम्म्याहून कमी आढळले. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने एलईडी दिव्यांसाठी २०१५ मध्ये केलेल्या १७८९ क्रमांकाच्या शिफारशीत प्रकाशातील चढउताराची कमी जोखमीची मर्यादा वारंवारतेच्या ०.०८ पट टक्के धरली आहे. त्या हिशेबाने २४० हर्ट्झला प्रकाशातील चढउतार सुमारे १९ टक्क्यांच्या आत हवा, आणि पूर्ण उघडझाप असेल तर १२५० हर्ट्झ तरी हवेत. ही शिफारस पडद्यांसाठी लिहिलेली नाही, आणि प्रत्येकाला त्रास होतो असेही नाही. पण “त्रास देऊच शकत नाही” हे विधान त्यापुढे टिकत नाही.

नाइट लाइट केवळ निळा प्रकाश घटवतो, उघडझाप तशीच राहते.

मग अंधारात वाचायचे कसे? पडद्याचा मूळ ब्राइटनेस वर ठेवावा आणि अंधूकपणा सॉफ्टवेअरकडून आणावा. आधी दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोडमध्ये शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान ठेवून पांढरे पान पाहावे. मंद पडद्यावर जाड काळे पट्टे दिसतील. पट्टी हळूहळू वर नेल्यावर ते जिथे बारीक आणि फिके होतात, ती जागा लक्षात ठेवावी. तेथे पट्टी स्थिर करून स्वयंचलित ब्राइटनेस बंद करावा, अन्यथा फोन ती पुन्हा खाली खेचतो. मग अँड्रॉइड १२ पासूनच्या अनेक फोनमध्ये `Settings > Accessibility > Extra dim`, तर आयफोनमध्ये `Settings > Accessibility > Display & Text Size > Reduce White Point` वापरून हवा तितका अंधूकपणा आणावा. कॅमेऱ्याने पुन्हा तपासावे. पट्टे परत जाड झाले नाहीत, तर उपाय लागू पडला. एखादा बारीक पट्टा मात्र उरतोच, कारण चित्र ताजे होताना प्रकाश क्षणभर घटतो. काही उत्पादक ‘DC dimming’ किंवा ‘Anti-flicker’ अशी वेगळी सोय देतात; ती असल्यास आधी तीच लावून पाहावी.

या उपायाची किंमत रंगांत मोजावी लागते. सॉफ्टवेअरने प्रकाश दहा टक्क्यांवर आणला, तर छटेचा आकडा आणि प्रत्यक्ष प्रकाश यांचे नाते सांगणाऱ्या २.२ गॅमाच्या हिशेबाने २५६ छटांपैकी सुमारे ९० उरतात. त्यामुळे मजकूर वाचताना अडत नाही, पण छायाचित्रातील अंधाऱ्या भागांत तपशील बुडतो आणि आकाशासारख्या सलग रंगांत पायऱ्या दिसतात. काही पडद्यांवर पट्टे कोणत्याही ब्राइटनेसला तितकेच जाड राहतात. तेथे या युक्तीचा उपयोग नाही, आणि त्रास होणाऱ्याने दुसरा पडदा निवडतानाच हीच कॅमेऱ्याची चाचणी सर्वांत मंद ब्राइटनेसवर करून घ्यावी.