तीन सेंटीमीटरनी हुकलेला व्हर्टिसॉल

मातीचं वर्गीकरण करणारा माणूस दिवसभर खड्ड्यात उभा असतो, म्हणून जग त्याच्याशी वरूनच बोलतं. परवा वर्धेकडच्या एका कपाशीच्या शेतात मी कमरेच्या वर खड्ड्यात होतो आणि वर, बांधावर, शेतमालक काका उकिडवे बसले होते. मे महिना, सकाळचे दहा, पऱ्हाट्या उपटून झालेल्या आणि जमिनीला पंजा घालता येईल एवढ्या भेगा.

“काय करून रायले भाऊ?”

“मातीचा प्रकार ठरवतोय काका.”

“इहीर नाय?”

“नाही.”

“मंग संडास?”

“नाही हो.”

“मंग गड्डा काहून?” असं म्हणून त्यांनी चुन्याची डबी उघडली आणि मुक्कामच टाकला. सरकारी कामाला प्रेक्षक नसतात असं कोण म्हणतं?

ठरवायचं एवढंच होतं की जगातल्या मातीचे जे बारा मोठे गट अमेरिकी पद्धतीत केलेत, त्यांपैकी ही कुठल्यात बसते. ही पद्धत म्हणजे रेशनच्या रांगेसारखी आहे. ठरलेल्या क्रमाने एकेका खिडकीवर जायचं, पहिल्या ज्या खिडकीने आत घेतलं तिथेच थांबायचं, मग पुढच्या खिडकीत तुम्हाला किती का मान असेना. काळ्या मातीला पहिली आशेची खिडकी व्हर्टिसॉलची. तिथे अटी तीन. पन्नास सेंटीमीटरपर्यंत सगळ्या थरांत निदान ३० टक्के चिकण हवी. वर्षातून भेगा पडून पुन्हा मिटायला हव्यात. आणि वरच्या एका मीटरच्या आत सुरू होणारा, निदान २५ सेंटीमीटर जाडीचा असा थर हवा, ज्यात माती फुगताना आकसताना स्वतःवरच घासली गेली आहे. त्या घासलेल्या, चकचकीत, ओरखडे उठलेल्या पृष्ठभागाला स्लिकनसाईड म्हणतात. ते नसतील तर आडव्या रेषेशी १० ते ६० अंशांत कललेली पाचरीसारखी ढेकळं चालतात.

चिकणमातीची परीक्षा हाताने होते. माती ओली करून मळायची आणि अंगठ्याने तर्जनीवरून पुढे ढकलत तिची फीत काढायची. पाच सेंटीमीटरच्या पुढे फीत तुटली नाही, तर ती चिकणमाती. अडचण अशी की पाण्याची बाटली गाडीत आणि गाडी चालकासकट चहाला गेलेली. मग मी तळहातावर थुंकलो. या कामात सगळे थुंकतात, कागदावर कोणी लिहीत नाही.

काका पुढे वाकले. “थुकून माती मळता? आमच्या नातवाले यासाठीच बदडलं काल.”

फीत सात सेंटीमीटर आली. मी विजयाने वर पाहिलं. काका नातवाच्या बाजूने माझ्याकडे बघत होते. मग सौम्य आम्लाचे थेंब टाकले, सगळीकडे फेस आला. काकांनी लगेच विचारलं, “हे सोडा हाय का?” मी म्हटलं, चुनखडी आहे. “ते तर मी सांगितलं असतं. इथं मोसंबी जगत नाय.”

आता खड्डा. वरून ५२ सेंटीमीटरपासून भिंत चमकायला लागत होती आणि ८० वर मुरूम लागला होता. ऐंशीतून बावन्न गेले, राहिले अठ्ठावीस. मी मनातल्या मनात साहेबांना फोन लावला. व्हर्टिसॉल! फॉर्मवर पेनने लिहूनही टाकलं, आणि इथेच माझी बुद्धी आडवी आली, कारण पेन्सिलने लिही असं पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

“भाऊ, थे चमक कायची पायता?”

“स्लिकनसाईडची.” मी थोडा घशातून बोललो.

“थे वरची चमक तं फावड्याची हाय ना. काल पोरगं अन् मजूर खोदत होते. ओल लागली की फावडं मातीले पालिश मारते.”

मला राग आला. बारा वर्षं मी खड्ड्यांत उतरतोय. बारा वर्षांत माझा प्रवासभत्ता वेळेवर मिळाला नाही, खुर्चीला हात नाही, आणि चमक कसली ते मला बांधावरून सांगायचं? तरी चाकू काढला, कारण काका बघत होते. खरी परीक्षा तशी सोपी आहे, फक्त कंटाळा येतो म्हणून टाळली जाते. फावड्याची चमक भिंतीच्या पातळीतच असते आणि तिचे ओरखडे फावडं ज्या दिशेने गेलं त्या दिशेने जातात. खरा स्लिकनसाईड तिरका भिंतीच्या आत शिरतो. ढेकूळ चाकूने उचकटून हातानेच त्याच्या नैसर्गिक सांध्यावर फोडलं, तर दोन्ही तुकड्यांच्या समोरासमोरच्या अंगावर तीच चकाकी आणि जुळणारे ओरखडे दिसतात.

५५ वरचं ढेकूळ फोडलं. आत मंद, चमक नावाला नाही. ५८ वरचं फोडलं तसं आतून आरशासारखं, त्यावर बारीक रेघा, आणि कललेली पाचर हातात आली. मी चारही भिंती उकरल्या. सर्वांत लांब पट्टा २२ सेंटीमीटर. हवे होते २५. पाचरीही तेवढ्याच पट्ट्यात होत्या, त्यांनीही वाचवलं नाही. तीन सेंटीमीटरनी हुकलं, म्हणजे माझ्या अंगठ्याच्या एका पेराने.

रांगेत पुढे चलायचं. मधल्या खिडक्या लवकर बंद झाल्या: खाली चिकण वाढलेली नाही, माती कोरड्या वाळवंटाची नाही. मग मॉलिसॉल, म्हणजे जाड काळ्या वरच्या थराची सुपीक माती. रंग तर होता. पण काळी दिसणारी माती सेंद्रिय कर्बानेच काळी असते असं नाही, आपल्या कापसाच्या मातीत तर बहुधा नसतेच. साधारण ०.६ टक्के कर्ब हवा आणि तो खड्ड्यात बसून मोजता येत नाही. मी फॉर्मवर “प्रयोगशाळेनंतर” असं लिहिणार, तेवढ्यात काकांनी पिशवीतून घडी पडलेला कागद काढला. मृदा आरोग्य पत्रिका. याच शेताची. सेंद्रिय कर्ब ०.४१ टक्के.

“हे चालते का?”

चाललं. खिडकी बंद. उरला इन्सेप्टिसॉल, जिथे खडकापासून बदललेला, स्वतःची घडण आलेला निदान १५ सेंटीमीटरचा थर पुरतो, आणि तो इथे भरपूर होता. नावापुढे “व्हर्टिक” लावायला १५ सेंटीमीटरची घसट आणि भेगाही पुरेशा होत्या. पद गेलं, पाटी राहिली. पेनने लिहिलेलं खोडून वर “इन्सेप्टिसॉल” लिहिलं. साहेब विचारतील, खाडाखोड कसली? काय सांगू, फावड्याने केली?

मग काका उठले, धोतर झटकलं.

“भाऊ, गड्डा बुजवून देजा. खालची खाली, वरची वर. मागच्या सायेबानं उलटी भरली, तीन वर्षं तिथं पऱ्हाटी झाली नाय.”

मजूर बाराला गेले होते. चालक अजून चहावर होता. मुरूम वेगळा ठेवला नव्हता, सगळं एका ढिगात. मी फावडं घेतलं, आणि बांधावरून काका दाखवत राहिले, कुठला ढेकूळ कुठे.