गच्चीवरचं घड्याळ आणि गळका डायोड

नागपुरात मे महिन्यात दुपारी गच्चीवर चल म्हणणारा माणूस एक तर शत्रू असतो, नाहीतर सोसायटीचा सेक्रेटरी. आमच्याकडे दुसरा आहे. त्याच्या मते मी 'इलेक्ट्रॉनिक्सवाला' असल्यामुळे इमारतीतल्या प्रत्येक लाल दिव्याशी माझं रक्ताचं नातं आहे.

या वेळचा रुग्ण म्हणजे पाण्याच्या पंपाचा टायमर. रोज पहाटे साडेपाचला पंप चालू करायचा, एवढंच त्याचं आयुष्य. पण वीज गेली की त्याची स्मृतीही जायची. संध्याकाळी आठला वीज परत आली की स्वारी समजायची, आत्ताच रात्रीचे बारा वाजले. मग त्याच्या हिशेबाने साडेपाच वाजायचे रात्री दीडला. टाकी आधीच भरलेली, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या खिडकीवरून धबधबा. आणि खरोखरीच्या पहाटे साडेपाचला सगळे साबण लावून कोरड्या नळाखाली उभे.

वीज नसताना वेळ टिकवायला त्यात २०३२ नंबरचा बटन सेल होता. सेक्रेटरी तो दर थोड्या दिवसांनी बदलायचा. सेल डुप्लिकेट आहेत असं त्याचं मत. वॉचमन काढून विकतो, असं खजिनदाराचं. पंपाची दिशा वास्तूला धरून नाही, असं काकूंचं. आणि धबधबा त्यांच्याच खिडकीवरून जात असल्यामुळे कोणी वाद घालत नव्हतं.

मी मल्टिमीटर लावला. नवा सेल पाकिटातून काढला तेव्हा ३.२ व्होल्ट दाखवत होता. पेटीतला, म्हणे दमलेला सेल वीज चालू असताना दाखवत होता ३.५. आता वापरलेला सेल नव्यापेक्षा जास्त व्होल्टेज दाखवायला लागला, तर त्याचा अर्थ एकच: त्याला कोणीतरी चोरून खायला घालतंय. हा सेल चार्ज करायचा नसतो. चार्ज केला की फुगतो, आतून झिरपतो आणि ऐन वेळी हात वर करतो.

आतली रचना साधी होती. घड्याळाच्या चिपला दोन वाटांनी वीज: एकीकडून अॅडॉप्टरचे ५ व्होल्ट, दुसरीकडून सेल. दोन्ही वाटांवर वीज एकाच दिशेने जाऊ देणारा एकेक डायोड, म्हणजे ज्याचं व्होल्टेज जास्त तो पुरवठा करणार आणि दुसऱ्याकडे उलटा प्रवाह जाणार नाही. डायोड होते ५८१९, म्हणजे शॉटकी. वीज असताना सेलच्या डायोडवर दीड व्होल्टचा उलटा दाब. त्याने अडवायचं, पण तो गळत होता.

"गळका डायोड लावलाच कशाला?" सेक्रेटरीने विचारलं. प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर मी भर उन्हात पाण्याच्या टाकीला टेकून दिलं, आणि टाकी तापली होती, हे मला उत्तराच्या मध्यावर कळलं.

साध्या सिलिकॉन डायोडमध्ये एकाच सिलिकॉनचे दोन स्वभावाचे भाग जोडलेले असतात. इकडून तिकडे जाणाऱ्या इलेक्ट्रॉनपुढे बऱ्यापैकी उंच अडथळा असतो. शॉटकी डायोडमध्ये एका बाजूला सिलिकॉन आणि दुसऱ्या बाजूला थेट धातू. तिथला अडथळा बराच ठेंगणा. (हे गणित वाल्टर शॉटकी या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये मांडलं. त्याला गच्चीवर कोणी बोलावलं नसावं.) घराचा उंबरठा ठेंगणा ठेवला की पाहुण्याला ठेच लागत नाही, पण पावसाचं पाणीही विचारून आत येत नाही.

गंमत अशी, की हे दोन वेगळे गुणदोष नाहीतच, एकाच आकड्याची दोन टोकं आहेत. उष्णतेमुळे काही इलेक्ट्रॉन कायमच इतक्या ऊर्जेत असतात की अडथळा आपणहून ओलांडतात. उलट्या दिशेला आपण त्याला लीकेज म्हणतो. सुलट दिशेला व्होल्टेज लावलं की हाच प्रवाह वाढत जातो: साधारण दर ६० मिलिव्होल्टला दहापट. म्हणजे ज्याची सुरुवातच लाखपट मोठ्या गळतीपासून होते, त्याला हव्या त्या प्रवाहापर्यंत पोचायला दहापटीच्या पाच पायऱ्या कमी चढाव्या लागतात. पाच गुणिले ६० म्हणजे ०.३ व्होल्ट. सुलट प्रवाह जाताना डायोडवर खर्च होणारं व्होल्टेज म्हणजे ड्रॉप. सिलिकॉनचा ड्रॉप ०.६, शॉटकीचा ०.३ च्या आसपास, हा फरक इथून येतो. गळतो म्हणून ड्रॉप कमी. ड्रॉप कमी हवा, पण गळती नको, असा डायोड मागणं म्हणजे मेंटेनन्स न भरता लिफ्ट मागणं. आमच्याकडे तेही लोक आहेत.

"पण गळतं किती?" खजिनदार वर आला होता. आकडा ऐकल्याशिवाय त्याला दुःख होत नाही.

सेलच्या वाटेत एक किलो-ओहमचा रेझिस्टर घातला आणि त्यावरचं व्होल्टेज मोजलं, म्हणजे जितके मिलिव्होल्ट तितके मायक्रोअँपिअर. सर्किट घरी कूलरसमोर ठेवलं तेव्हा ५ होते. गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीत, दुपारी, ८०. कारण ही गळती दर दहा अंशांना अंदाजे दुप्पट होते. चाळीस अंश वाढले की सोळापट. मी बायकोचा हेअर ड्रायर डायोडवर धरला तर आकडा डोळ्यांदेखत पळायला लागला. सगळ्यांना ते इतकं आवडलं की ड्रायर एकेकाच्या हातात फिरला, आणि डायोडच्या आधी एक्स्टेन्शन बोर्ड तापला.

आता हिशेब. या सेलची क्षमता साधारण २२५ मिलिअँपिअर-तास. सेल बनवणारे सांगतात की उलट आत जाणारा चार्ज सगळ्या आयुष्यात मिळून क्षमतेच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे सुमारे ७ मिलिअँपिअर-तास. ८० मायक्रोअँपिअरने ही मर्यादा ८७-८८ तासांत संपते. उन्हाचे रोज आठ तास धरले, तर अकरा दिवस. वॉचमन निर्दोष.

आणि चिडायची गोष्ट ही, की इथे शॉटकीची गरजच नव्हती. वीज नसताना घड्याळाची चिप जेमतेम दहा मायक्रोअँपिअर खाते. इतक्या कमी प्रवाहाला साध्या ४१४८ डायोडचा ड्रॉपही ०.६ नसून ०.४ च्या आसपास उतरतो. सेलचे ३ व्होल्ट वजा ०.४ म्हणजे २.६, आणि चिप १.८ पर्यंत चालते. ४१४८ ची गळती मात्र नॅनोअँपिअरमध्ये. शॉटकीचा खरा मान मोबाइल चार्जरसारख्या जागी: दोन अँपिअरइतक्या मोठ्या प्रवाहाला साध्या डायोडचा १ व्होल्ट ड्रॉप म्हणजे २ वॉट नुसती उष्णता, शॉटकीला ०.४ व्होल्टमध्ये ०.८ वॉटवर भागतं. तिथेही तो फार तापू द्यायचा नाही. तापला की गळतो, आणि उलटं व्होल्टेज मोठं असेल तर त्या गळतीनेच आणखी तापतो, आणि मग थेट धूर.

अॅडॉप्टरच्या वाटेवरचाही डायोड मी बदलला. वीज गेली की तोच उलटा होऊन सेलची वीज बंद अॅडॉप्टरमध्ये ओतत होता. पाच व्होल्टमधले ०.७ गेले तरी तिथे कोणाचं अडत नव्हतं.

दुकानदार दहापेक्षा कमी डायोड देत नाही. दोन लागले. उरलेले आठ सोसायटीची मालमत्ता असल्याचं खजिनदाराने मला कळवलं असून डेडस्टॉक रजिस्टरमध्ये 'डायोड, काचेचे, बारीक, नग ८, ताबा: फ्लॅट २०२' अशी नोंद केली आहे. वार्षिक सभेला ते प्रत्यक्ष मोजून दाखवायचे आहेत.