अठ्ठावीस रुपयांत तीन कोट

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची कोटेशनं मागवायला मे महिन्याचा शेवटचा आठवडा उत्तम. फेब्रुवारीत मागवलीत तर ठेकेदाराला वेळ असतो. मग तो वर येतो, भेगा बघतो, नको ते प्रश्न विचारतो. मेअखेर तो फोनवरच म्हणतो, "किती फूट?" तुम्ही सांगा, हजार. तो सांगेल, अठ्ठावीस रुपये. विषय संपला, सेक्रेटरी चहाला मोकळे.

या हजारावर मात्र ठाम राहा. गच्ची 40 बाय 25 आहे, म्हणजे गुणाकार बरोबरच आहे. कोटिंग कठड्यावरही फूटभर चढवावं लागतं, आणि चारी बाजूंचा घेर 130 फूट म्हणजे आणखी 130 चौरस फूट होतात, असं एखादा कटकट्या सभासद म्हणेल. त्याला सांगा की ते कोटेशनमध्ये कशाला हवं? बिलात येईलच की, 'जादा काम' या नावाने आणि 18 टक्के जीएसटीसह.

आता समजा तुमच्यापुढे दोन कागद आहेत. पहिल्यावर लिहिलंय: अ‍ॅक्रिलिक कोटिंग, तीन कोट, दहा वर्षं वॉरंटी, दर 28 रुपये. दुसऱ्यावर: तेच अ‍ॅक्रिलिक, दोनच कोट, पाच वर्षं वॉरंटी, दर 85 रुपये, आणि शेवटी एक विचित्र ओळ, 'वाळल्यावर थराची जाडी 1 मिलिमीटर'. निवड सोपी आहे. तीन हे दोनपेक्षा जास्त, दहा हे पाचापेक्षा जास्त, 28 हे 85पेक्षा कमी. वार्षिक सभेत हे सांगायला मिनिटभरही लागत नाही, आणि टाळ्या पडतात.

फक्त त्या मिलिमीटरच्या ओळीकडे बघू नका. बघितलंत तर शाळेतलं गणित आठवायचा धोका आहे. एक लिटर द्रव एक चौरस मीटरवर पसरला की एक मिलिमीटर जाडीचा ओला थर होतो. या मालात आकारमानाने साधारण निम्मं पाणी धरा. ते उडून गेलं की उरतो अर्धा मिलिमीटर. म्हणजे वाळून 1 मिलिमीटर हवा असेल तर चौरस मीटरला दोन लिटर माल लागणार. तुमचे कठड्यासकट 1130 चौरस फूट म्हणजे 105 चौरस मीटर, म्हणून 210 लिटर. वीस लिटरच्या साडेदहा बादल्या. बादली पाच हजारांची धरली तर नुसता माल साडेबावन्न हजारांचा, म्हणजे तुमच्या हजार फुटांवर फुटामागे साडेबावन्न रुपये. मजुरी अजून सुरूही झालेली नाही.

मग 28 रुपयांत तीन कोट कसे बसतात? अगदी सहज. चार बादल्या आणायच्या, वीस हजारांच्या. उरले आठ हजार, त्यात मजुरी आणि नफा. चार बादल्या म्हणजे 80 लिटर, 105 चौरस मीटरवर वाळून 0.38 मिलिमीटर. आता हा ऐवज एका हातात संपू नये म्हणून त्यात नळाचं पाणी घालतात. जितकं पाणी जास्त तितके कोट जास्त. तीन काय, पाचही निघतील, कारण पाणी घातल्याने वाळलेला थर काही वाढत नाही, फक्त ब्रश फिरवायच्या फेऱ्या वाढतात. तुम्ही मोजताय फेऱ्या, तो देतोय फेऱ्या. यात फसवणूक कुठे आहे?

म्हणूनच काम चालू असताना वर जाऊन सीलबंद बादल्या मोजणं, रिकाम्या बादल्या शेवटपर्यंत गच्चीवरच ठेवायला लावणं, असले प्रकार करू नका. माणसांमधला विश्वास उडतो.

मजुरीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण उधळपट्टी होते ती इथेच. 85वाला म्हणतो की पहिले दोन दिवस तो काहीच लावणार नाही. शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडणार, जुन्या कोटिंगचे सुटलेले पापुद्रे काढणार, भेगा व्हीच्या आकारात फोडून पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरणार, आणि गच्ची नि कठड्याच्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई देणार, ज्याला हे लोक वाटा म्हणतात. पावसाच्या पाइपच्या तोंडाशीही तो दुपारभर रेंगाळणार. गच्ची बहुतेक वेळा मधोमध गळत नाही, कोपऱ्यात आणि पाइपपाशी गळते, असं त्याचं म्हणणं. असेल. पण कोपरा कोणाला दिसतो? पांढरीशुभ्र मोकळी गच्ची दिसते. फोटोही तिचाच निघतो.

मे महिन्यात ठरवण्याचा खरा फायदा यापुढे कळतो. वळवाची एक सर पडून जाते, ठेकेदार दुसऱ्या दिवशी हजर. वरून फरशी कोरडी दिसते, खाली विटांच्या तुकड्यांचा कोबा पाणी पिऊन बसलेला असतो. प्लॅस्टिकचा एक चौकोनी तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून रात्रभर ठेवला आणि सकाळी आतून दव दिसलं, तर ओल आहे असं कळतं. खर्च शून्य, म्हणून चाचणीही कुचकामी समजा. लावून टाका. पुढे उन्हाने आतली वाफ वर येते आणि कोटिंगला फुगे धरतात. लहान मुलांना ते फोडायला फार आवडतात.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा: शेवटच्या मजल्यावरच्या काकूंना 'डिसेंबरातही छत ओलं असतं का हो?' असं विचारणं. त्या 'हो' म्हणाल्या तर पाणी पावसाचं नसून बहुधा वरच्या टाकीचं किंवा पाइपचं आहे, आणि मग अख्ख्या गच्चीचा खर्चच टळायचा. मंजूर झालेला निधी परत करायची पद्धत आपल्याकडे नाही.

वॉरंटीचं पत्र लॅमिनेट करून घ्या, पण आधी वाचू नका. त्यात लिहिलेलं असतं की इमारतीच्या हालचालीने पडलेल्या भेगा, साचलेलं पाणी, गच्चीवरची वर्दळ, नंतर ठोकलेले डिशचे किंवा सोलरचे पाय, हे सगळं वगळून वॉरंटी लागू आहे. म्हणजे ज्या गच्चीवर उतार नीट आहे, भेग नाही आणि कोणी पाऊल टाकत नाही, तिची दहा वर्षांची हमी. शिवाय दावा मंजूर झालाच, तर मिळणार फक्त माल, चार बादल्यांच्या हिशेबाने. मजुरी तुमची, काकूंच्या छताचा रंग काकूंचा. पत्र माल बनवणाऱ्या कंपनीचं आहे की ठेकेदाराच्या लेटरहेडवरचं, हेही विचारू नका. दोन्हींवर सोनेरी शिक्का सारखाच चमकतो.

आणि शेवटी पैसे. 85वाल्याची अट असते की कोटिंग पूर्ण सुकल्यावर पाइपची तोंडं बंद करायची, गच्चीवर दोन दिवस पाणी तुंबवायचं, खालून छत बघायचं, आणि मगच शेवटचा हप्ता द्यायचा. हजार फुटांवर दोन इंच पाणी म्हणजे जवळपास 4700 लिटर, अर्धा टँकर. पाणीटंचाईच्या दिवसांत हे पाप कशाला? तुम्ही 30 मेला सगळा चेक देऊन टाका. चाचणी जूनमध्ये फुकट होईल, आणि निकाल काकू स्वतः खाली येऊन सांगतील.