बोनसवरचा कर: स्लॅब बदलला म्हणून काय बदलतं?

“बोनस घेतला की माणूस वरच्या स्लॅबमध्ये जातो आणि अख्ख्या पगारावर जास्त टॅक्स बसतो. माझ्या स्लिपमध्ये तर पाव हिस्सा कापलाय. शेवटी हातात आधीपेक्षा कमीच येतं.”

आधी अख्ख्या पगाराचं बघू. वरचा दर फक्त त्या रेषेच्या वरच्या रुपयांना लागतो, खालच्यांना कोणी हात लावत नाही. आर्थिक वर्ष 2025-26, नवी करप्रणाली आणि पगार 16,25,000 धरा. 75,000 ची प्रमाणित वजावट गेली की करपात्र उत्पन्न 15,50,000 उरतं. त्यावर दीड लाख बोनस आला. 16 लाखांपर्यंतच्या 50,000 वर 15 टक्के, म्हणजे 7,500. उरलेल्या लाखावर 20 टक्के, म्हणजे 20,000. बेरीज 27,500, तिच्यावर 4 टक्के सेस 1,100. एकूण 28,600. बोनसवरचा खरा दर 19 टक्क्यांच्या आसपास पडला आणि 1,21,400 हातात आले.

मग स्लिपमध्ये पाव हिस्सा कुठून दिसला? या पगारावर एरवीही दरमहा 9,750 टीडीएस जातोच. बऱ्याच कंपन्या बोनसचा सगळा वाढीव कर त्याच महिन्यात कापतात, म्हणून त्या महिन्याचा आकडा 38,350 होतो. त्याला दीड लाखाने भागलं की 25 टक्क्यांच्या वर जातं. पण त्यातले 9,750 नेहमीच्या पगाराचे आहेत, बोनसच्या नावावर कशाला टाकायचे?

राहिला शेवटचा दावा. तो सरसकट चूक असला, तरी एका चिंचोळ्या पट्ट्यात खरा आहे, आणि हे फारसं कोणी सांगत नाही. करपात्र उत्पन्न बरोबर 12 लाख असेल तर 87अ च्या सवलतीमुळे कर शून्य. त्यावर 50,000 बोनस आला तर स्लॅबप्रमाणे कर 67,500 होतो. सीमांत सवलत तो 12 लाखांवरच्या रकमेइतकाच, म्हणजे 50,000 वर आणून ठेवते. पण सेस त्यानंतर लागतो: 2,000. बोनस 50,000, कर 52,000. खिशातून दोन हजार गेले!

12 लाखांपासून मोजलं तर साधारण 73,900 च्या बोनसपर्यंत हा तोटा राहतो. एक लाख बोनसवर कर 78,000 जातो आणि 22,000 तरी उरतात. या पट्ट्यात असाल तर बोनस नाकारण्याआधी एचआरला विचारा, की पगाराच्या रचनेत कंपनीकडून एनपीएसमध्ये भरणा करता येईल का. मूळ पगाराच्या 14 टक्क्यांपर्यंतचा असा भरणा नव्या प्रणालीतही वजा होतो, पण सोय कंपनीने ठेवलेली असली पाहिजे आणि वर्ष संपायच्या आत व्हायला हवं.

इतरांनी वर्षाचा कर सेससकट दोनदा काढावा, एकदा बोनस धरून, एकदा सोडून. दोन्हींतला फरक हाच बोनसवरचा कर.