सगळीकडे ‘पास’ लिहिलेला तक्ता आणि ३.८ फॅटचं दूध

“मिनी प्रोजेक्टचा रिपोर्ट कुणी वाचत नाही. डिझाइनला एक फ्लोचार्ट चिकटवा, टेस्ट केसच्या तक्त्यात सगळीकडे पास लिहा, लिमिटेशनमध्ये ‘पुढे मोबाईल ॲप करता येईल’ एवढं टाका. खऱ्या त्रुटी लिहिल्या की एक्स्टर्नल मार्क कापतो.”

कोल्हापुरात प्रोजेक्ट जमा करायचे दिवस आले की हा मेसेज मुलांच्या ग्रुपवर फिरायला लागतो. मी तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणून बसतो, त्यामुळे उत्तर द्यावंसं वाटलं. उदाहरण आपल्याकडचंच घेऊ. दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल काढणारा पायथॉन प्रोग्राम दरवर्षी कुणी ना कुणी करतंच.

आधी डिझाइन. ‘सुरू, इनपुट, गणना, आउटपुट, समाप्त’ हा फ्लोचार्ट कुठल्याही प्रोजेक्टला चालतो, म्हणून त्यातून तुमच्या प्रोजेक्टबद्दल काहीच कळत नाही. तुम्ही काय ठरवलंत आणि का, ते अर्ध्या पानात लिहा. उदाहरणार्थ: ‘गाईच्या दुधाचे ३.५ ते ५.० फॅटचे १६ दर एका यादीत ठेवले. दर बदलला की फक्त यादी बदलायची, म्हणून if-else ची रांग टाळली. फॅटवरून यादीतलं घर असं काढलं:’

```python
idx = int((fat - 3.5) * 10)
rate = rates[idx]
```

हे लिहिलं की वाचणाऱ्याला, आणि आधी तुम्हालाच, दिसतं की सगळा भार या एका ओळीवर आहे. मग चाचण्याही तिथेच घ्यायला हव्यात.

टेस्टच्या तक्त्यात मुलं बहुधा ३.५, ४.० आणि ४.५ टाकतात. तिन्ही बरोबर येतात आणि प्रोग्राम झाला असं वाटतं. आता हे बघा. ‘अपेक्षित’ रकाना प्रोग्राम चालवायच्या आधी दरपत्रकावरून हाताने भरला आहे.

| फॅट | अपेक्षित घर | मिळालेलं घर | निकाल |
|---|---|---|---|
| ३.५ | ० | ० | पास |
| ३.७ | २ | २ | पास |
| ३.८ | ३ | २ | नापास |
| ४.० | ५ | ५ | पास |
| ३.४ | नाकारावं | -१ | नापास |

३.८ ही संख्या कॉम्प्युटर बायनरीत अगदी तंतोतंत साठवू शकत नाही. वजाबाकी ०.३ च्या किंचित खाली येते, दहाने गुणून २.९९९… मिळतं आणि `int` अपूर्णांक तोडून २ करतो. सभासदाला ३.७ चा दर लागतो. दर पॉइंटला ३० पैशांचा फरक धरला आणि दोन्ही वेळचं १२-१२ लिटर दूध असेल, तर एका बिलात ७२ रुपये कमी. ३.९ आणि ४.१ लाही हेच होतं.

३.४ चं प्रकरण आणखी वाईट आहे. पायथॉनमध्ये -१ म्हणजे यादीतलं शेवटचं घर, म्हणजे सगळ्यात पातळ दुधाला ५.० फॅटचा दर! ५.२ टाकलं तर प्रोग्राम निदान एरर देऊन थांबतो. इथे तो गुपचूप बिल छापतो. म्हणून हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची किंमत तपासल्याशिवाय तक्ता पुरा होत नाही.

दुरुस्ती छोटी आहे:

```python
idx = round(fat * 10) - 35
if not 0 <= idx < len(rates):
    raise ValueError("फॅट दरपत्रकाबाहेर")
```

पण दुरुस्तीनंतर जुना तक्ता खोडू नका. त्याच किमती पुन्हा चालवून नवा निकाल शेजारच्या रकान्यात लिहा.

मोबाईल ॲप ही पुढची इच्छा झाली. मर्यादा म्हणजे आज हा प्रोग्राम कुठे चालणार नाही ते. या प्रोजेक्टला दोन ओळी पुरतात. ‘एसएनएफ सगळीकडे ८.५ धरला आहे. दर फॅट आणि एसएनएफ दोन्हींवर ठरतो, म्हणून एसएनएफ वेगळा असलेल्या दुधाचं बिल चुकेल.’ ‘नोंदी प्रोग्राम बंद करतानाच फाइलमध्ये जातात, मध्ये लाइट गेली तर त्या वेळच्या सगळ्या नोंदी जातील.’ दोन्हींत काय बिघडेल आणि कधी, ते स्पष्ट आहे. सापडलेली पण वेळेअभावी दुरुस्त न झालेली चूकही इथेच लिहायची, कुठल्या इनपुटला येते त्यासकट.

राहिला मार्कांचा प्रश्न. सगळ्या परीक्षकांच्या वतीने मी बोलू शकत नाही, माझी पद्धत सांगतो. रिपोर्टमध्ये नापासची ओळ असेल तर ‘हे का झालं?’ एवढंच विचारतो, आणि ज्याने ती स्वतः शोधली त्याला उत्तर येतंच. सगळीकडे पास दिसलं की कीबोर्ड माझ्याकडे घेतो आणि ३.४ टाकून बघतो.